परिच्छेदांत मांडलेल्या संकल्पनात्मक चौकटीची आकृती कशी काढावी?

निफाडची_संशोधक

नमस्कार. माझे पीएच.डी.चे काम निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांवर आहे. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत जितके दिवस थांबायला हवे, तो प्रतीक्षा काळ बागायतदार पाळतात की नाही आणि का, असा माझा प्रश्न आहे. संकल्पनात्मक चौकटीचे प्रकरण मार्गदर्शकांनी परत पाठवले असून त्यावर ‘हे सारे आकृतीत दाखवा, आणि मजकूर आकृतीशी जुळवा’ एवढाच शेरा आहे. मूळ परिच्छेद असा आहे :

‘प्रशिक्षण, अनुभव व शिक्षण यांमुळे कीटकनाशकांच्या अंशांविषयी बागायतदाराची जाणीव वाढते. जाणीव वाढल्यास प्रतीक्षा काळ पाळण्याची त्याची तयारी वाढते. शेजारी बागायतदार व व्यापारी यांचाही त्याच्या मानसिकतेवर परिणाम होतो. तथापि अवकाळी पाऊस व रोगाचा दबाव असल्यास तयारी असूनही प्रतीक्षा काळ पाळला जात नाही. निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागांत हे चित्र वेगळे असते. शासकीय धोरणे या सर्वांना चौकट पुरवतात.’

मी मध्यभागी ‘शेतकरी’ असे वर्तुळ काढले, भोवती नऊ चौकटी मांडल्या आणि प्रत्येकीपासून मध्याकडे बाण काढले. आकृती दिसायला बरी आहे; पण परिच्छेदात जे म्हटले आहे ते तिच्यात उतरलेले नाही, असे मलाच वाटते. नेमके काय चुकते आहे?

सातपूरकर

आमच्या कारखान्यात आम्ही रोज प्रक्रियेचे आलेख काढतो. आपला परिच्छेदही एक प्रक्रियाच आहे. सुरुवात डावीकडे, शेवट उजवीकडे, आणि जिथे निर्णय आहे तिथे शंकरपाळ्यासारखी चौकट : ‘पाऊस आला का?’ होय असल्यास एक वाट, नाही असल्यास दुसरी. वर्तुळ मोडून टाकावे. वाचणाऱ्याला सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर ती आकृती नव्हे, रांगोळी झाली.

निवृत्त_मास्तर

सातपूरकरांचे अर्धे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. वर्तुळ मोडावे, आणि वाचन डावीकडून उजवीकडे व्हावे. शंकरपाळे मात्र इथे चालणार नाही. त्यांच्या आलेखात बाणाचा अर्थ ‘हे झाल्यावर ते करा’ असा असतो. संकल्पनात्मक चौकटीत बाण ‘हे ज्याच्याकडे अधिक, त्याच्याकडे तेही अधिक किंवा उणे असेल, आणि त्याचे कारण हेच’ असा दावा करतो. एकाच बागायतदाराने पायरीपायरीने काय केले, हे आपण दाखवत नाही. दोनशे बागायतदारांत जो फरक आहे तो कशामुळे पडतो, हे दाखवतो.

म्हणूनच मध्यभागी ‘शेतकरी’ असू शकत नाही. शेतकरी कमी-जास्त होत नाही, त्याची जाणीव होते. ज्याच्याविषयी आपण बोलतो तो घटक चौकटीत बसवला की सगळे बाण त्याच्यावर येऊन आदळतात, आणि जाणिवेतून तयारी निर्माण होते हा आपला मुख्य दावा नाहीसा होतो. परिच्छेदात साखळी आहे आणि आकृतीत चाक आहे, हीच आपली अडचण आहे.

आता कोणतेही चित्रकलेचे साधन उघडू नये. कागदावर चार रकाने आखावेत : कशापासून, कशावर, वाढवते की घटवते, आणि परिच्छेदातील कितवे वाक्य. प्रत्येक वाक्यातील क्रियापद पकडून एकेक ओळ भरावी. जे वाक्य या रकान्यांत बसत नाही त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह करावे. ती ओळ जबरदस्तीने बसवू नये, कारण तिथेच आपला विचार अपुरा आहे हे समजते.

निफाडची_संशोधक

सर, आपण सांगितल्याप्रमाणे रकाने भरले. पहिल्या वाक्यातून तीन ओळी निघाल्या आणि दुसऱ्यातून एक. तिसऱ्या वाक्यात अडखळले, कारण ‘मानसिकता’ हा शब्द त्याआधी कुठेच आलेला नाही. मला तिथे तयारीच म्हणायचे होते. तोच शब्द पुन्हा नको म्हणून बदलला होता. चौथे वाक्य कुठल्याच रकान्यात बसेना. पाचव्यात ‘हे चित्र’ म्हणजे नेमके कोणते, ते मलाच सांगता आले नाही. सहाव्यात क्रियापद आहे खरे, परंतु ‘चौकट पुरवणे’ म्हणजे वाढवणे की घटवणे?

निवृत्त_मास्तर

शाळेत आपल्याला शिकवलेले असते की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. या प्रकरणात ती शिकवण विसरावी. जाणीव, भान, सजगता असे तीन शब्द आले की परीक्षक तीन चौकटी शोधतो.

धोरणांचे उत्तर सोपे आहे. आपले सर्व बागायतदार एकाच जिल्ह्यातील, एकाच हंगामातील आणि एकाच नियमांखालचे आहेत. जे सर्वांसाठी सारखे आहे, ते त्यांच्यातील फरकाचे कारण कसे असेल? त्याला चौकटही नको आणि बाणही नको. अभ्यासाची पार्श्वभूमी सांगताना एक वाक्य पुरे. दोन राज्यांची तुलना असती तर गोष्ट वेगळी होती.

दिंडोरीचा_बागायतदार

मी अभ्यासक नाही, बारा एकर बाग सांभाळतो. पहिल्या वाक्याला माझी हरकत आहे. प्रशिक्षणाने जाणीव वाढते हे मान्य. पण अनुभवाने वाढतेच असे नाही. आमच्या गावात ज्यांनी तीस वर्षे फवारणी केली तेच म्हणतात, ‘आम्हाला काय शिकवता, इतकी वर्षे काही झाले नाही.’ नवी पोरे औषधाच्या लेबलावरचे दिवस मोजतात. तुम्ही अनुभव आणि प्रशिक्षण एका माळेत ओवलेत, ते चुकीचे आहे.

आणि पावसाचे म्हणाल, तर फेब्रुवारीत पाणी उतरलेल्या घडांवर ढग आले की काय होते ते घरात बसून कळणार नाही. माल आठ दिवसांवर आलेला असतो आणि भुरी दिसते. माणसाला सगळे माहीत असते, तरी तो पंप काढतो.

निवृत्त_मास्तर

काका, आपण दोन्ही दुखऱ्या जागांवर बोट ठेवलेत. अनुभवाचा परिणाम उलटा असण्याची शक्यता असेल, तर तीन गोष्टी एका चौकटीत ‘वैयक्तिक घटक’ म्हणून कोंबता येणार नाहीत. एका बाणावर अधिक आणि उणे ही दोन्ही चिन्हे बसत नाहीत. अनुभवाला स्वतंत्र चौकट द्यावी, स्वतंत्र बाण द्यावा, आणि त्यावर उणे चिन्ह लिहिण्याचे धैर्य असेल तरच लिहावे. नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवून मजकुरात दोन्ही बाजू मांडाव्यात.

दुसरी गोष्ट पावसाची. ‘सगळे माहीत असते, तरी पंप काढतो’ याचा अर्थ पाऊस जाणिवेवर परिणाम करत नाही आणि तयारीवरही करत नाही. तो तयारी आणि कृती यांच्या मधल्या दुव्यावर घाव घालतो. म्हणून पावसाचा बाण कोणत्याही चौकटीवर न नेता, ‘तयारी’कडून ‘पालन’कडे जाणाऱ्या बाणाच्या मध्यावर न्यावा. संशोधकताईंचे चौथे वाक्य रकान्यांत बसले नाही ते यामुळेच. त्यांच्या ‘कशावर’ या रकान्यात संकल्पना लिहायची नव्हती, एक ओळ लिहायची होती.

आयझेन यांनी १९९१ साली विस्ताराने मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतातही हीच जागा आहे. हेतू कितीही पक्का असला, तरी परिस्थिती माणसाच्या हातात किती आहे यावर तो कृतीत उतरणे अवलंबून असते. आपण त्या सिद्धांताचा आधार घेत असाल, तर त्याचा उल्लेख याच बाणाच्या स्पष्टीकरणात करावा, प्रकरणाच्या सुरुवातीला हार घातल्यासारखा नको.

सुरगाण्यातील_पोषणकार्य

चर्चा वाचते आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या संस्थेच्या अहवालात सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांतील बालकांच्या कुपोषणाची चौकट द्यायची आहे. आम्ही युनिसेफची १९९० सालची आकृती समोर ठेवली आहे. तिच्यात वर कुपोषण, त्याखाली अपुरा आहार व आजारपण ही तात्कालिक कारणे, त्याखाली घरातील अन्नाची अनिश्चितता, संगोपनातील उणिवा आणि अस्वच्छ परिसर व अपुऱ्या आरोग्यसेवा, आणि तळाशी मूलभूत कारणे असे थर आहेत. तिथे प्रत्येक गोष्टीपासून प्रत्येक गोष्टीकडे स्वतंत्र बाण नाहीत, तरीही ती जगभर वापरली गेली. मग इथे एकेका बाणाचा एवढा हिशेब कशासाठी?

निवृत्त_मास्तर

ताई, त्या आकृतीत बाणांचे काम थरांनी केले आहे. कोणती गोष्ट कोणत्या थरात आहे, यावरूनच ती कारणांच्या साखळीत किती जवळची वा दूरची आहे ते कळते. कार्यक्रम आखणाऱ्याला तेवढे पुरते, कारण आपण कोणत्या थरावर काम करतो आहोत हे त्याला पाहायचे असते. संशोधकताईंना मात्र प्रत्येक दुवा प्रश्नावलीने तपासायचा आहे. त्यांच्या आकृतीतील प्रत्येक बाण पुढे एक गृहीतक होणार. बाण चौदा आणि गृहीतके सात असतील, तर उरलेले सात कशासाठी काढले असे परीक्षक विचारणारच. त्यामुळे आपल्या अहवालासाठी थर योग्य आहेत, फक्त उंचीला काही अर्थ आहे हे मजकुरात सांगावे. पुष्कळ अहवालांत थरांची नक्कल असते आणि मजकूर मात्र सगळी कारणे एका ओळीत स्वल्पविराम देऊन सांगतो.

आणखी एक पाहण्यासारखे आहे. युनिसेफने २०२० साली ती चौकट नव्याने मांडली तेव्हा कमतरतांची भाषा बदलून निर्धारक घटकांची भाषा घेतली. तो निर्णय त्यांनी त्यांच्या कारणांनी घेतला असेल. आपल्याला त्यातून एक व्यावहारिक सोय मिळते. चौकटीत ‘जाणिवेचा अभाव’ लिहिले आणि पुढच्या चौकटीत ‘तयारी’ लिहिली, की मधल्या बाणावर उणे चिन्ह द्यावे लागते आणि वाचणाऱ्याला दोनदा उलटा विचार करावा लागतो. चौकटीत ‘जाणीव’ एवढेच लिहावे. ‘जाणीव वाढते’ असेही लिहू नये, कारण वाढवण्याचे काम बाणाचे आहे.

सुरगाण्यातील_पोषणकार्य

आमच्या आकृतीत ‘अभाव’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. आत्ताच मोजला.

अक्षरजुळणी_नाशिकरोड

मी प्रबंधांची अक्षरजुळणी आणि बांधणी करतो. अर्थाविषयी बोलणार नाही, पण आकृत्या आमच्याकडे कशा येतात ते सांगतो. विद्यार्थी सादरीकरणाच्या पडद्यावर आकृती काढतात. त्या पडद्याची रुंदी जवळपास ३४ सेंटीमीटर असते. बांधणीसाठी समास सोडल्यावर पानावर उरते साधारण १५ सेंटीमीटर. म्हणजे १८ पॉइंटचे अक्षर छापल्यावर ८ पॉइंटचे होते. रोमन लिपीत ते कसेबसे वाचता येते. देवनागरीत रफार आणि अनुस्वार शाईच्या ठिपक्यात मिसळून जातात. आकृती पहिल्यापासून १५ सेंटीमीटर रुंदीतच काढावी आणि अक्षर १० पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नये. एवढ्यात चौकटी मावत नसतील, तर चौकटी जास्त झाल्या आहेत असे समजावे.

दुसरे असे की काही साधनांतून चित्र बाहेर काढताना जोडाक्षरे फुटतात. ‘प्रशिक्षण’चे ‘प्रशिक्‌षण’ झालेले मी छापायच्या आदल्या रात्री पाहिले आहे. चित्र तयार झाल्यावर ते दुसऱ्या संगणकावर उघडून प्रत्येक शब्द वाचावा. तिसरे रंगाविषयी. वाढवणारा बाण हिरवा आणि घटवणारा लाल असे काढतात. छायाप्रतीत दोन्ही राखाडी होतात. चिन्हे लिहावीत.

सातपूरकर

अक्षरजुळणीवाल्यांशी सहमत. आमच्याकडेही आलेख भिंतीवर लावल्यावरच कळते की तो फक्त काढणाऱ्यालाच वाचता येतो. आणि मास्तर, माझे शंकरपाळे मी दिवाळीपर्यंत डब्यात ठेवतो.

निफाडची_संशोधक

सर्वांच्या सूचनांनुसार पुन्हा मांडणी केली आहे. चित्र इथे चढवता येत नसल्याने बाणांची यादी देते. चौकटींतील शब्द जसेच्या तसे आहेत.

```
बाण १   प्रशिक्षण            →  जाणीव     (+)
बाण २   शिक्षण               →  जाणीव     (+)
बाण ३   अनुभव                →  जाणीव     (?)
बाण ४   जाणीव                →  तयारी     (+)
बाण ५   शेजाऱ्यांची अपेक्षा    →  तयारी     (+)
बाण ६   व्यापाऱ्यांची अपेक्षा  →  तयारी     (+)
बाण ७   तयारी                →  पालन      (+)
बाण ८   पाऊस व रोगाचा दबाव  →  बाण ७     (−)
```

नऊ चौकटी होत्या, त्यांतून धोरणे आणि रोगाची वेगळी चौकट गेली. मजकूर बाणांच्या क्रमानेच लिहिला असून प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाणाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणार्थ : ‘ज्या बागायतदाराची जाणीव अधिक आहे, त्याची प्रतीक्षा काळ पाळण्याची तयारी अधिक असेल असे या अभ्यासात मानले आहे (बाण ४). शेजाऱ्यांची अपेक्षा (बाण ५) आणि व्यापाऱ्यांची अपेक्षा (बाण ६) या तयारीत भर घालतात. त्या जाणिवेवर अवलंबून नाहीत. पाऊस व रोगाचा दबाव वाढल्यावर पालन कमी होते (बाण ८).’

निर्यात नोंदणी अजून बाहेर आहे.

गंगापूररोडची_वाचक

मजकूर जुळला की नाही ते पाहण्याचा एक साधा मार्ग आम्ही आमच्या विभागात वापरतो. विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला फक्त मजकूर द्यावा, आकृती लपवावी, आणि त्याला आकृती काढायला सांगावी. त्याची आणि आपली आकृती शेजारी ठेवली की मजकुरात काय राहिले आहे ते दिसते.

निफाडची_संशोधक

धाकट्या भावाकडून करून घेतले. तो वाणिज्य शाखेत शिकतो. सात बाण बरोबर आले. आठवा त्याने थेट ‘पालन’ या चौकटीवर नेला. मी चूक दाखवली तेव्हा त्याने माझेच वाक्य वाचून दाखवले : ‘पाऊस व रोगाचा दबाव वाढल्यावर पालन कमी होते.’ त्याचे खरेच आहे.

निवृत्त_मास्तर

भावाला पेढे द्यावेत. ही चूक प्रबंधांत वारंवार होते, आकृती एक बोलते आणि वाक्य दुसरेच.

दोहोंतला फरक आकड्यांनी पाहू. आकडे काल्पनिक आहेत. समजा कोरड्या आठवड्यात तयारी असलेल्या दहापैकी आठ जण प्रतीक्षा काळ पाळतात, आणि तयारी नसलेल्या दहापैकी चार. अंतर चारचे. पावसाच्या आठवड्यात पहिल्या गटातील सहा आणि दुसऱ्यातील दोन पाळत असतील, तर दोन्ही गट सारखेच घसरले आणि अंतर चारचेच राहिले. हा भावाचा बाण, पालनाच्या चौकटीवर जाणारा. पण पहिल्या गटातील तीन आणि दुसऱ्यातील दोनच पाळत असतील, तर अंतर एकावर आले. तयारी असण्याचा उपयोगच उरला नाही. हा आपला आठवा बाण. त्यासाठी वाक्य असे हवे : ‘पाऊस व रोगाचा दबाव जितका अधिक, तितका तयारीचा पालनावरील परिणाम क्षीण होतो (बाण ८).’ वाक्यात ‘परिणाम’ हा शब्द कर्ता होऊन यायला हवा.

दिंडोरीचे काका पावसाचा जो प्रसंग सांगतात, त्यात दोन्ही गोष्टी एकदम घडत असाव्यात. तसे असेल तर पावसापासून पालनाकडे जाणारा नववा बाणही लागेल. कमी बाणांच्या मोहाने तो गाळू नये, कारण न काढलेला बाणही ‘इथे परिणाम नाही’ असे सांगत असतो.

दिंडोरीचा_बागायतदार

दोन्ही घडतात. नवव्या बाणाला माझी सही.

पण तुमच्या निर्यातीचे काय? मला विचाराल तर सगळे तिथूनच सुरू होते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून युरोपात आपला माल अडकला. त्यानंतर आमच्या भागात निर्यात करणारे एकदम बदलले. कोणाची जाणीव वाढली म्हणून नव्हे. माल तपासणीत गेला नाही तर पैसा येत नाही म्हणून. निर्यात नोंदणी ही चौकट सरळ पालनावर बाण टाकते.

गंगापूररोडची_वाचक

मला तसे वाटत नाही. नोंदणीकृत बागेत व्यापाऱ्याची अपेक्षा अधिक काटेकोर असते आणि तीच काम करते. म्हणजे नोंदणीचा बाण ‘व्यापाऱ्यांची अपेक्षा’ या चौकटीकडे जावा. पालनाकडे थेट बाण काढला, तर नोंदणी केली आणि कोणी विचारलेच नाही तरी माणूस पाळेल, असा अर्थ होतो.

निवृत्त_मास्तर

तिसरी शक्यताही आहे. जे आधीपासूनच काटेकोर आहेत तेच नोंदणी करतात. मग बाण उलटा होतो आणि पालनाची सवय नोंदणीला कारण ठरते. ताईंची पाहणी एका हंगामातील एकदाचीच आहे, त्यामुळे या तिघांतला निवाडा तिच्या माहितीतून लागणार नाही. माझा सल्ला असा की नोंदणीला आकृतीत घेऊ नये. नोंदणीकृत आणि नोंदणी नसलेल्या बागायतदारांसाठी हीच आकृती दोनदा तपासावी आणि कोणते बाण बदलतात ते पाहावे. ‘हे चित्र वेगळे असते’ या वाक्यातले ‘चित्र’ म्हणजे मग संपूर्ण आकृती होईल.

दिंडोरीचा_बागायतदार

सर, आपला मान राखून सांगतो, जी गोष्ट सर्वांत मोठी तीच आकृतीबाहेर ठेवायची हे मला पटत नाही. माझ्यासारख्याने ती आकृती पाहिली तर म्हणेल, यांना बाग माहीत नाही.

निफाडची_संशोधक

काकांचे म्हणणे मनाला लागते आणि सरांचे पद्धतीला धरून आहे. तूर्त नवव्या बाणासह आकृती १५ सेंटीमीटरमध्ये काढली आहे आणि आठव्या बाणाचे वाक्य बदलले आहे. सहाव्या चौकटीच्या शेजारी तुटक रेषेत ‘निर्यात नोंदणी’ लिहिली असून तिला बाण दिलेला नाही. मजकुरात तिन्ही शक्यता मांडून दोन गटांची तुलना करणार असल्याचे लिहिले आहे. बाण नसलेली चौकट ठेवल्याबद्दल मार्गदर्शक रागावतील असे वाटते. सोमवारी भेट आहे. भाऊ आज पुन्हा मजकुरावरून आकृती काढतो आहे.

सातपूरकर

तुटक रेषेच्या चौकटीचा अर्थ आकृतीखाली लिहिला आहे ना? नाहीतर भाऊ तिथे शंकरपाळे काढेल.